पॅन्ट रॅक पुन्हा पुन्हा अडकतो, साडी ट्रे शटरला घासतो: चॅनल बदलण्याआधी आलमारीची रुंदी तीन वेळा मोजा

नागपूरच्या लकडगंजमधल्या दुकानांतून माल उचलून घरोघरी आलमारीचं आतलं फिटिंग बसवून द्यायचं, हे माझं काम. पॅन्ट रॅक, साडीचे ओढायचे ट्रे, दागिन्यांचे ड्रॉवर, टाय-बेल्टचे हुक असं सगळं. या कामात एक तक्रार वर्षभर येत राहते आणि तिचे शब्दही जवळपास तेच असतात: "भाऊ, रॅक अडकून राहिला. चॅनल खराब निघालं. दुसरं बसवून द्या."

मी जातो आणि चॅनल, म्हणजे रॅक ज्यावर सरकतो ती धातूची पट्टी, काढून हातात धरून ओढून पाहतो. दहापैकी आठ वेळा ते लोण्यासारखं चालतं. म्हणजे खराबी चॅनलमध्ये नसते, चॅनल ज्या दोन उभ्या फळ्यांमध्ये बसवलंय त्यांच्या मधल्या अंतरात असते. ते अंतर तसंच ठेवून नवीन चॅनल लावलं की पंधरा दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. मनीषनगरातल्या एका काकूंकडे दोनदा चॅनल बदलून झालं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी मला बोलावलं. त्यांचीच आलमारी समोर ठेवून सगळं सांगतो, कारण तिच्यात एकाच वेळी तीन चुका होत्या आणि बहुतेक घरांत यांपैकी एक तरी असतेच.

आधी अडकण्याची जात ओळखा

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी रॅक रिकामा करा आणि हळूहळू बाहेर ओढा. कुठे अडतो, कसा अडतो, हे नीट पाहा.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जड चालत असेल, तर रॅक फळ्यांमध्ये दाबला गेलाय. जागा कमी पडलेली आहे. उलट, रॅक डावीकडे-उजवीकडे हलतो, खडखड वाजतो, कधी एका बाजूचं चॅनल सुटून खाली येतं, तर जागा जास्त आहे. सुरुवातीला छान चालतो पण शेवटच्या चार-सहा इंचांत 'खर्र' आवाज येतो, तर रॅक शटरला किंवा बिजागरीला घासतोय. अशा वेळी उघड्या शटरच्या आतल्या बाजूला, चॅनलच्या उंचीवर, सनमायकावर एक आडवी रेघ उमटलेली दिसेल. ती रेघ दिसली की दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

रिकामा असताना उत्तम आणि कपडे लावले की तिरका होऊन अडतो, हा वेगळाच आजार आहे. त्याकडे साड्यांच्या ट्रेच्या वेळी येतो.

आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारतो: कोणत्या महिन्यात जास्त अडकतो? जुलै-ऑगस्टमध्ये अडकतो आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळा होतो, तर लाकूड फुगतंय. नागपुरात यात एक गंमत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात बाहेर हवा कोरडी ठाक असते, पण ज्या खोलीत डेझर्ट कूलर चालतो तिथली हवा ओलीच असते. कूलरचा झोत थेट आलमारीवर येत असेल तर भर उन्हाळ्यातही पार्टिकल बोर्डाच्या उघड्या कडा फुगतात. काठाला सागवानाची बीडिंग असेल तर तीही थोडी फुगते. तेव्हा 'उन्हाळ्यात अडकतो म्हणजे फुगण्याचा प्रश्न नाही' असं समजू नका. कूलर कुठे आहे ते बघा.

तीन रुंद्या, आणि बॉक्सवर लिहिलेली चौथी

दुकानात रॅक घ्यायला गेलं की विचारतात, "कितीचा पाहिजे, सहाशेचा की नऊशेचा?" हा आकडा बहुतेक वेळा आलमारीच्या खणाची बाहेरून बाहेर रुंदी असते. कंपनी असं धरून चालते की खण बाहेरून ९०० मिमी आहे आणि दोन्ही उभ्या फळ्या १८ मिमी प्लायच्या आहेत. म्हणजे आत ९०० वजा ३६, ८६४ मिमी मोकळी जागा. रॅक त्या ८६४ साठी बनवलेला असतो.

आता आपल्याकडे आलमारी कशी बनते ते बघा. मिस्त्री फुटात मोजतो. तीन फूट म्हणजे ९०० नाही, ९१४ मिमी. तीन फुटांचा सुटा खण केला तर आत ८७८ मिळतात, म्हणजे रॅकला चौदा मिमी जास्त. सुताच्या भाषेत साडेचार सूत. दुसरीकडे एखादा डिझायनर मिमीत काटेकोर ९०० चा खण करून घेतो, पण आतून पांढरा लायनर, म्हणजे सनमायकासारखा पातळ थर, चिकटवतो. तो प्रत्येक बाजूला पाऊण मिमीच्या आसपास असतो. ८६४ चे ८६२ होतात आणि रॅक दाबला जातो. दोन्ही आलमाऱ्यांना लोक 'तीन फुटी' म्हणतात, दोन्हींत 'नऊशेचा' रॅक येतो आणि दोन्हींत तो बिघडतो, एकीत सैल म्हणून आणि दुसरीत घट्ट म्हणून.

चॅनलला यातलं काहीच सहन होत नाही. साधं टेलिस्कोपिक चॅनल ४५ मिमी उंचीचं असतं आणि प्रत्येक बाजूला साडेबारा मिमीपेक्षा किंचित जास्त, नेमकं सांगायचं तर १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच जागा घेतं. दोन्ही बाजू मिळून एक इंच. या एका इंचावर फार तर एक मिमी इकडे-तिकडे चालतं. दोन मिमी कमी पडले की आतल्या बेअरिंगच्या गोळ्या दाबल्या जातात, तीन-चार जास्त झाले की चॅनल तिरकं ओढलं जातं.

तर पहिली रुंदी बाहेरून बाहेर. ती फक्त दुकानात बोलायला उपयोगी. दुसरी रुंदी आतल्या दोन फळ्यांमधली, रॅक जिथे बसणार त्याच उंचीवर मोजलेली. आणि तिसरी, जी जवळपास कुणीच मोजत नाही: शटर उघडल्यावर समोर उरणारी मोकळी रुंदी. रॅक आत बसतो दुसऱ्या रुंदीत, पण बाहेर येतो तिसऱ्या रुंदीतून.

काकूंच्या आलमारीत काय निघालं

आलमारी सहा फूट रुंद, सात फूट उंच. बाहेरून १८२९ मिमी. दोन बाजूच्या फळ्या आणि मधलं एक पार्टिशन, तिन्ही १८ मिमी प्लाय. १८२९ मधून ५४ गेले, उरले १७७५. त्याचे दोन खण, प्रत्येकी ८८७ च्या आसपास. आतला लायनर वजा करून ८८६. पॅन्ट रॅक डाव्या खणात होता, बॉक्सवर 'नऊशे', त्याला हवे ८६४. मी फ्रेम काढून मोजली तर ८३८ भरली, त्यात दोन चॅनलचे २५.४ मिळवले की ८६३.४. म्हणजे रॅक बरोबर होता.

आधीच्या मिस्त्रीने ८८६ मधून ८६४ वजा करून २२ मिमीचं पॅकिंग दिलं होतं, म्हणजे उरलेली जागा भरायला चॅनलमागे लाकूड लावलं होतं. हिशोब चुकला नव्हता. पण त्याने मोजलं होतं खाली, तळाच्या फळीवर टेप टेकवून. तिथे मोजणं सोपं असतं, टेप हलत नाही. रॅक मात्र तळापासून जवळपास साडेतीन फुटांवर होता.

तिथलं माप घ्यायला टेपचा उपयोग नाही, आतल्या आत ती वाकवावी लागते आणि दोन-तीन मिमीची चूक होते. मी पातळ लाकडाच्या दोन पट्ट्या वापरतो, प्रत्येकी दीड-पावणेदोन फुटांच्या. दोन्ही एकमेकींवर धरायच्या, एक डाव्या फळीला टेकेपर्यंत आणि दुसरी उजवीला टेकेपर्यंत सरकवायची, जिथे एकीवर दुसरी संपते तिथे पेन्सिलची खूण करायची. बाहेर काढून खुणेवर पुन्हा जुळवायच्या आणि एकूण लांबी आरामात टेबलावर मोजायची. समोर, मधे आणि मागे, अशी तीन मापं. पाच मिनिटांचं काम आहे.

काकूंकडे रॅकच्या उंचीवर तिन्ही ठिकाणी ८८३ आले. खाली ८८६, वर ८८३. मधलं पार्टिशन डाव्या खणाकडे तीन मिमी फुगलेलं होतं. कारण उजव्या खणात होतं: तिथल्या फळ्या थोड्या लांब कापलेल्या होत्या आणि ठोकून बसवल्यामुळे त्यांनी पार्टिशन ढकललं होतं. उंच खणात मधे आडवी फळी नसेल तर उभी फळी अशी पोट काढतेच, कधी आत, कधी बाहेर.

म्हणजे २२ चं पॅकिंग तीन मिमीने जास्त झालं होतं. रॅक सुरुवातीपासून दाबलेला होता. नवीन चॅनल काही दिवस ग्रीसच्या जोरावर चाललं, मग गोळ्यांची पट्टी वाकली. काकूंनी जपून ठेवलेलं जुनं चॅनल मी पाहिलं. त्याच्या आतून काळी धातूची पूड निघाली. दाबलेल्या चॅनलची ती ओळख आहे. नुसत्या वापराने जुनं झालेलं चॅनल सैल होतं, अशी पूड फारशी काढत नाही.

दुसरी चूक घासण्याची. उजव्या शटरच्या आतल्या बाजूला ती आडवी रेघ ठळक होती. इथे बिजागरीचा विषय येतो आणि यावर थोडं थांबायला हवं, कारण रुंदीचा सगळा हिशोब इथेच फसतो.

शटर किती जागा खातं

कपाटाची ऑटो हिंज तीन प्रकारची येते. झिरो क्रँकमध्ये शटर बाजूच्या फळीची कड पूर्ण झाकतं. आठ क्रँकमध्ये शटर फळीची अर्धीच कड झाकतं, कारण उरलेली अर्धी शेजारच्या खणाच्या शटरला द्यायची असते. सोळा क्रँकमध्ये शटर दोन फळ्यांच्या आत बसतं.

आता ही शटरं काटकोनात उघडलेली डोळ्यासमोर आणा. झिरो क्रँकचं शटर उघडलं की त्याची जाडी फळीच्या समोरच राहते, खणाच्या वाटेत जवळपास येत नाही. आठ क्रँकचं शटर अर्धं फळीसमोर आणि अर्धं वाटेत येतं. सनमायकासकट शटर १९-२० मिमीचं धरलं तर साधारण १० मिमी वाट अडते. सोळा क्रँकचं शटर अख्खं वाटेत येतं, म्हणजे वीस मिमीच्या आसपास.

काकूंच्या डाव्या खणाला दोन शटरं. डावं शटर बाहेरच्या फळीवर, झिरो क्रँक. उजवं शटर मधल्या पार्टिशनवर, आठ क्रँक. पार्टिशन दोन खणांना सामाईक असल्याने ते तसंच असणार, त्यात कुणाची चूक नाही. म्हणजे या खणात फक्त उजवीकडे दहा मिमी अडत होते.

काकू म्हणाल्या, "पण रॅक तर फळीपासून अर्धा इंच आत आहे ना भाऊ? शटर दहा मिमी आलं तरी लागायला नको."

प्रश्न अगदी बरोबर होता. रॅकची फ्रेम १२.७ मिमी आतच असते, ती लागत नाही. लागतो चॅनलचा मधला पट्टा. चॅनल तीन पट्ट्यांचं असतं: एक फळीला, एक रॅकला आणि मधला दोघांच्या मधे सरकणारा. रॅक बाहेर आला की हा मधला पट्टाही अर्धा बाहेर येतो आणि तो फळीला अगदी खेटून चालतो. शटर दहा मिमी वाटेत असेल तर तो पट्टा शटरवर घासणारच. म्हणून रेघ नेहमी चॅनलच्या उंचीवरच दिसते.

मिस्त्रीने २२ मिमीचं सगळं पॅकिंग डावीकडे दिलं होतं, जिथे गरज जवळपास नव्हती. उजवीकडे, जिथे शटर वाट अडवत होतं, तिथे चॅनल थेट पार्टिशनवर ठोकलं होतं.

मी काय केलं

एकूण पॅकिंग हवं १९ मिमी. उजवीकडे १२ मिमी प्लायची पट्टी, डावीकडे ६ मिमी प्लाय आणि त्यावर १ मिमी सनमायका. उजवीकडचे बारा म्हणजे शटरच्या दहापेक्षा दोन जास्त, मधला पट्टा सुटला. डावीकडे सात मिळाले, तेही वाया गेले नाहीत, कारण त्या बाजूला भिंत जवळ होती आणि डावं शटर जेमतेम काटकोनापर्यंतच उघडत होतं.

पट्टी कशी लावायची, यावरही सगळं अवलंबून आहे. जुनं पॅकिंग म्हणजे दोन-दोन इंचांचे तुकडे होते, एक समोर आणि एक मागे, स्क्रूच्या जागेवर. मधे चॅनल अधांतरी. वजन आलं की चॅनल मधे आत झुकतं. पट्टी पूर्ण खोलीची, चॅनलइतकी लांब आणि चॅनलपेक्षा उंच हवी. मी सव्वादोन-अडीच इंच उंच ठेवतो. उजवीकडची पट्टी फेव्हिकॉल लावून २५ मिमीच्या स्क्रूने फळीवर पक्की केली. १२ ची पट्टी आणि १८ ची फळी मिळून ३० होतात, म्हणून २५ चा स्क्रू दुसऱ्या बाजूला निघत नाही. मग चॅनल त्या पट्टीवर, चपट्या डोक्याच्या स्क्रूने. डोकं किंचितही वर राहिलं तर आतला पट्टा प्रत्येक वेळी त्यावर ठेचकाळतो, 'टक' असा आवाज एकाच जागी येतो. तसा आवाज येत असेल तर बाकी काही तपासण्याआधी तो स्क्रू काढून खाच खोल करा.

चॅनल नवीन घ्यावंच लागलं, कारण जुन्याच्या गोळ्या गेल्या होत्या. पण या वेळी ते दाबलेलं नव्हतं. मूठभर स्क्रू, दोन पट्ट्या आणि अर्धा दिवस, एवढंच काम होतं.

उजव्या खणातल्या लांब फळ्या काढून दोन-दोन मिमी घासून घ्याव्यात, असं मी सुचवलं. पार्टिशन त्याने सरळ होईल. पण मग डाव्या खणातलं पॅकिंग पुन्हा तीन मिमीने कमी पडेल, म्हणून ते काम रॅकच्या आधी व्हायला हवं. काकूंना तेवढा पसारा नको होता, तेव्हा आम्ही फुगलेलं पार्टिशन तसंच धरून माप घेतलं. चालतं तेही, फक्त नंतर कुणी उजव्या फळ्यांना हात लावला तर हे लक्षात ठेवायचं.

तिसरी चूक रॅकच्या वरच्या साडी ट्रेमध्ये होती. ट्रे पूर्ण बाहेरच येत नव्हता, मागच्या साड्यांना हात पोचत नव्हता. कारण ट्रेची उंची नेमकी एका बिजागरीच्या समोर आली होती. बिजागरीची प्लेट फळीच्या समोरच्या कडेपासून ३७ मिमीवर स्क्रू केलेली असते आणि चॅनलची सुरुवातही तिथेच यायला हवी. दोघं एका जागी मावत नाहीत म्हणून मिस्त्रीने चॅनल दोन इंच मागे सरकवलं. चॅनल दोन इंच मागे म्हणजे ट्रे दोन इंच आत. मी ट्रे चार इंच खाली घेतला, चॅनल पुढे आलं आणि प्रश्न संपला. सात फुटांच्या शटरला चार-पाच बिजागऱ्या असतातच. त्यांच्या उंच्या आधी खडूने फळीवर काढून घ्या आणि चॅनल त्यांच्या मधे कुठेही बसवा.

उंची बदलताना खाली काय लटकतंय ते बघायचं. मधोमध दुमडून टाकलेली पॅन्ट रॅकच्या दांडीपासून साधारण पावणेदोन-दोन फूट खाली येते. खाली तेवढी जागा नसेल तर पायाची टोकं खालच्या ड्रॉवरवर लोळतात आणि ड्रॉवर उघडताना त्यात अडकतात. रॅक अडकतो म्हणून आलेल्या तक्रारीत कधीकधी फक्त हेच निघतं.

साडीच्या ट्रेची रुंदी साडीच्या घडीवरून ठरवा

इथे माझं मत थोडं परखड आहे: साड्यांसाठी नऊशेचा ट्रे घेणं हा बहुतेक घरांत जागेचा अपव्यय आहे, आणि तोच ट्रे लवकर बिघडतो.

नऊशेच्या खणात चॅनलचा एक इंच आणि ट्रेच्या दोन बाजूंच्या १२-१२ मिमी पट्ट्या गेल्या की आत ८१४ मिमी उरतात. साडीचा पन्हा साधारण ४५ ते ४८ इंच असतो. आपण तो दोनदा दुमडतो, म्हणजे घडी सव्वाअकरा ते बारा इंच रुंद होते. बारा इंची दोन गठ्ठे ६१० मिमीत बसतात. तिसरा मावत नाही, दोनशे मिमी मोकळे राहतात आणि त्या मोकळ्या जागेत ब्लाउज, परकर कोंबले जातात. पंधरा दिवसांत ट्रेचं गाठोडं होतं.

बाहेरून ७५० चा खण असेल तर ट्रेमध्ये आत ६६४ उरतात. दोन गठ्ठे आणि बोटं घालायला दोन इंच जागा, अगदी नेमकं. नऊशेचाच खण आधीपासून असेल तर दहा इंचांचा पुठ्ठा कापून घ्या आणि त्यावर साडीची घडी बसवा. दहा इंची तीन गठ्ठे ७६२ मिमीत बसतात आणि ८१४ मध्ये दोन इंच शिल्लक राहतात. सहाशेचा खण साड्यांना त्रासाचाच आहे: आत ५१४, एक गठ्ठा बसतो आणि दुसरा अर्धवट. तिथे पॅन्ट रॅक किंवा दागिन्यांचा ड्रॉवर द्या.

वजनाचं म्हणाल तर जड रेशमी साडी पाऊण किलोपर्यंत सहज भरते. तीन गठ्ठ्यांत पंचवीस-तीस साड्या म्हणजे वीस किलोच्या घरात. चॅनलची जोडी तेवढं उचलते. पण ट्रे जितका रुंद आणि जितका कमी खोल, तितका तो तिरका होतो. ८४० रुंद आणि ४५० खोल ट्रे एका कोपऱ्याला धरून ओढला की एक बाजू पुढे येते, दुसरी मागे राहते आणि चॅनल अडतं. रिकामा चालतो, भरल्यावर अडतो असं मी वर म्हटलं तो आजार हाच. त्यावर उपाय सोपा आहे: हँडल किंवा बोटं घालायची खाच मधोमध द्या, एका टोकाला नाही. तळाला ६ मिमी प्लाय असेल तर तो मधे झोळ खातो आणि खालच्या ड्रॉवरला टेकतो. ९ मिमी द्या, किंवा खालून मधोमध एक पट्टी चिकटवा.

करवतकाठी किंवा पैठणी अशा रेशमी साड्या तारेच्या जाळीच्या ट्रेवर थेट ठेवू नका. जाळीचे वळ रेशमावर कायमचे उमटतात. तळाला प्लाय आणि त्यावर धुतलेलं मलमल, एवढं पुरतं.

दागिन्यांचा ड्रॉवर

हा ड्रॉवर कमी रुंदीचा ठेवा, साडेचारशे किंवा सहाशेच्या खणात. मखमलीचे कप्पे तयार मिळतात आणि ते कापून बसवता येतात, म्हणून त्यांची रुंदी पंधरा-वीस मिमी जास्त असली तरी चालते, पण कमी असली तर ड्रॉवर उघडताना सगळा कप्पा सरकतो आणि कानातले एकमेकांत जातात.

इथे रुंदीइतकीच उंची महत्त्वाची. बांगडीचं माप इंच आणि आण्यात असतं, सोळा आणे म्हणजे एक इंच. 'दोन चार' म्हणजे आतून सव्वादोन इंच, ५७ मिमी. 'दोन आठ' म्हणजे अडीच इंच, ६३.५ मिमी. सोन्याची जाडी दोन्हीकडून धरली आणि बांगड्या उभ्या ठेवायच्या असतील तर कप्प्याच्या आत ७५-८० मिमी उंची लागते. साठ मिमीच्या ड्रॉवरमध्ये उभी बांगडी वरच्या फळीला अडकते आणि ड्रॉवर उघडतच नाही. एकदा एका घरी असा ड्रॉवर मागची फळी काढून उघडावा लागला होता.

हा ड्रॉवर शटरच्या आत असेल तर त्याच्या दर्शनी पट्टीलाही शटरची वाट लागते. दर्शनी पट्टी चॅनल झाकण्यासाठी मुद्दाम रुंद, जवळपास फळीपर्यंत केलेली असते. म्हणून ज्या बाजूला आठ किंवा सोळा क्रँक आहे त्या बाजूला पॅकिंग द्याच, आणि पट्टी त्या पॅकिंगच्या आतच संपवा.

सरकत्या शटरची आलमारी असेल तर

बेसा, मनीषनगरकडच्या नव्या फ्लॅटमध्ये खोल्या लहान म्हणून सरकती शटरं फार चालली आहेत. त्यांत बिजागरी नाही, पण वाट मधोमध अडते. सहा फुटांऐवजी सरळ १८०० मिमीचं उदाहरण घेऊ. बाजूच्या फळ्या सोडून आत १७६४. दोन शटरं एकमेकांवर ३० मिमी चढतात असं धरलं तर प्रत्येक शटर ८९७ रुंद. एक शटर पूर्ण दुसऱ्यामागे सरकवलं तरी समोर ८६७ च मोकळे मिळतात. मधे पार्टिशन असेल तर खण मात्र ८७३ चा असतो. सहा मिमी शटरच्या मागे लपले. चढ ५० मिमी असेल तर मोकळी वाट ८५७ उरते, म्हणजे सोळा मिमी लपले. शिवाय सॉफ्ट क्लोजचा स्टॉपर शटरला अगदी कडेपर्यंत जाऊ देत नाही, तेही यात धरा.

म्हणून सरकत्या आलमारीत पॅकिंग नेहमी मधल्या पार्टिशनच्या बाजूला द्यायचं, बाहेरच्या फळीच्या बाजूला नाही. किती द्यायचं ते शटर पूर्ण उघडून, त्याच्या कडेपासून पार्टिशनपर्यंतचं अंतर मोजून ठरवा आणि वर तीन मिमी जास्त धरा.

नवीन आलमारी करत असाल तर मिस्त्रीला हे सांगा

"तीन फूट कर" असं सांगू नका. आधी रॅक आणि ट्रे कुठले घेणार ते ठरवा, बॉक्स उघडून त्यावरची आतली मोकळी रुंदी वाचा. काही फ्रेम कमी-जास्त करता येतात. त्यांच्यावर 'इथून इथपर्यंत' असे दोन आकडे असतात, त्यातला मधला धरा. मग बिजागरीच्या बाजूचं पॅकिंग त्यात मिळवा. उदाहरणार्थ रॅकला ८६४ हवेत आणि एका बाजूला आठ क्रँक आहे, तर ८६४ अधिक १२, म्हणजे लायनर चिकटवल्यानंतर आत ८७६ मोकळे हवेत. मिस्त्रीला हाच एक आकडा द्या: "लायनर लावून झाल्यावर आत आठशे शहात्तर." फळी किती जाड, बाहेरून किती होईल, ते तो बघून घेईल.

आणि रॅक बसवायच्या दिवशी शटर आधी लावलेलं असू द्या. शटरशिवाय बसवलेला रॅक नेहमीच सुरळीत चालतो. मिस्त्री निघून गेल्यावर शटर लागतं आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो.

काकूंचा फोन मात्र या पावसाळ्यात आला तो वेगळ्याच कामासाठी. त्यांच्या बहिणीला त्रिमूर्तीनगरात आलमारी करायची होती, आणि काकूंनी तिच्यासाठी दोन लाकडी पट्ट्या आधीच कापून ठेवल्या होत्या.